मॅनेजरच्या पोस्टखाली काय लिहायचं?

वेर्णा_पॅकिंग: साहेबांनी ग्रुपवर चतुर्थीच्या पाळ्यांची यादी टाकलीय. खाली 'सुपर प्लॅनिंग सर' आणि जोडलेल्या हातांची रांग. पण दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या पाळीत आम्ही सहा जण, सहाहीजणांकडे दीड दिवसाचा गणपती. विसर्जन कोण करणार? साहेबांना लागू नये आणि मी लाळघोटी दिसू नये, असं काय लिहू?

मडगावकर: ग्रुपवर काहीच लिहू नकोस. साहेबाला चारचौघांत चूक दाखवायची नसते. खासगीत मेसेज टाक.

निवृत्त_पर्सनल: अर्धं बरोबर. साहेबांनी तारीख चुकीची लिहिली असती, तर खासगीतच सांगायचं. पण यादी सगळ्यांची आहे. सहा जणांनी वेगवेगळे मेसेज टाकले, की ते सहा रजेचे अर्ज होतात आणि एकेक करून नाकारले जातात. मी असं लिहिलं असतं:

'सर, यादी पाहिली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या पाळीत सहाहीजणांच्या घरी दीड दिवसाचं विसर्जन आहे. पाच दिवसांचा गणपती असलेले तिघे बदलून यायला तयार आहेत. तुमची हरकत नसेल तर नावं आज सहापर्यंत पाठवते.'

यात कौतुक नाही आणि कुरकुरही नाही. साहेबांना फक्त 'हो' म्हणायचं उरतं. मात्र त्या तिघांना आधी विचारून घे, नाहीतर ग्रुपवरच फजिती.

कळंगुट_हॉटेल: आम्हाला चतुर्थीत सुट्टीच नसते. मी एकदा लिहिलं, 'सर, गणपती रिसेप्शनवरच बसवू का?' सगळे हसले. पुढच्या आठवड्यात मला तुटक पाळी.

निवृत्त_पर्सनल: बाय, तो टोमणा होता. टोमण्याला साहेब काय उत्तर देणार? आणि हिच्याकडे सुट्टी आहे की नाही हा प्रश्नच नाहीये.

डिचोलीचो: पुस्तकी गोष्टी. आमच्याकडे 'ग्रेट सर' लिहिणाराच सुपरवायझर झाला.

निवृत्त_पर्सनल: झाला असेल, नाही म्हणत नाही. पण जे वाक्य कुठल्याही पोस्टखाली चिकटवता येतं, ते साहेब वाचतसुद्धा नाहीत. चांगलं म्हणायचंच असेल तर नेमकं म्हणा: 'यंदा यादी लवकर आली, माटोळीचं सामान आणायला वेळ मिळाला.' हे खरं असेल तरच हं.

डिचोलीचो: वाचत नसतील, पण कोणी लिहिलं नाही हे बरोबर मोजतात.

वेर्णा_पॅकिंग: तिघांना विचारलं, दोघंच हो म्हणाले. तसंच 'दोघे' लिहून टाकलं. साहेबांचा नुसता अंगठा आलाय, त्याचा अर्थ हो की वाचलं, देव जाणे. पण 'सुपर प्लॅनिंग' लिहिणाऱ्याचा खासगीत मेसेज आला: 'बरं केलंस. माझंही नाव घाल गो, माझाही दीडच दिवसाचा.'