लाल चौकटींवरचे शब्द

> चित्रातून सगळं कळतंय, मग वर शब्द कशाला?

‘वॉचमेन’ या कॉमिकचा (१९८६) पहिलाच अंक काढून बघा. दोन पोलीस खून झालेल्या ब्लेकच्या फ्लॅटमध्ये तपास करतायत. मध्येच लाल रंगातल्या चौकटी येतात, त्या खुनाच्या रात्रीच्या. दोन चौकटींमधली पांढरी पट्टी सगळीकडे सारख्याच रुंदीची, पण इथे ती ओलांडताना आपण पुढे जात नाही, मागे त्या रात्रीत जातो. हे सांगायला एकही मथळा नाही, फक्त रंगकार जॉन हिगिन्सचा लाल रंग आहे.

आता शब्द. लाल चौकटींतही पोलिसांचंच बोलणं चालू राहतं, फक्त फुग्याऐवजी अवतरणचिन्हांतल्या मजकूरपट्टीत, कारण बोलणारे तिथे नाहीत. लिफ्टमधलं ‘तळमजला आलाच’ हे साधं वाक्य पडतं ते खिडकीतून कोसळणाऱ्या ब्लेकच्या चित्रावर. नुसतं वाक्य वाचलं तर लिफ्टमधल्या गप्पा, नुसतं चित्र पाहिलं तर एक मृत्यू. तो अंगावर येणारा थंडपणा दोन्हींपैकी कशातच नाही, तो त्यांच्या शेजारात आहे. मला तरी हे पान अजून सुन्न करतं.

एकदा शब्द झाकून ही पानं वाचा, मग चित्रं झाकून.