भिडूची बोली १६ वर असताना गुलाम-नव्वीवर २० म्हणावं का?

त्रिशूरची सून: सासरी रोज रात्री पत्त्यांतलं अठ्ठावीस चालतं. माझे भिडू सासरे, अच्छन. समोर जाऊ आणि दीर. वाटप माझं होतं. जावेने नियमाप्रमाणे १४ म्हटलं, अच्छन १६ म्हणाले, दीर पास. माझ्या पहिल्या चार पानांत इस्पिक गुलाम, नव्वी, सत्ती आणि बदाम एक्का. भिडूच्या वर जायचं तर आमच्याकडे किमान २० म्हणावं लागतं, तेवढं म्हटलं. इस्पिकची सत्ती उपडी ठेवली. पुढच्या चार पानांत चौकट राजा, अठ्ठी, किलवर राणी, सत्ती आली. शेवटी आमचे १७ झाले, बोली पडली. अच्छन म्हणतात, बोली माझ्याकडून काढून घ्यायला नको होती. माझं चुकलं का?

धीट गडी: अजिबात नाही. एका रंगाचा गुलाम आणि नव्वी हातात आली की तो रंग आपलाच हुकूम. गुलामाचे ३, नव्वीचे २, दोन्ही खात्रीचे हात. आधी गुलाम उतरायचा, मग नव्वी, सगळ्यांचा हुकूम ओढून घ्यायचा. १६ वर गप्प बसून काय मिळतं? जिंकलं तर एक गुण. २० जिंकले तर दोन.

पडवीतला भिडू: मी नोकरीनिमित्त अकरा वर्षं पालक्काडला होतो, तिथे हेच खेळलो. धीट गडी, तुमचं पहिलं म्हणणं बरोबर आहे, पण खेळायची रीत चुकली. हुकूम बंद असेपर्यंत बोली घेणाऱ्याला हुकमाची उतारी करता येत नाही, हातात दुसरं पानच नसेल तर गोष्ट वेगळी. तोवर गुलाम-नव्वी हातात बसून राहतात आणि समोरचे आपले बाजूचे गुलाम मोकळे करून घेतात. सूनबाई, पहिल्या दोन हातांत काय झालं ते आठवतं का?

त्रिशूरची सून: चांगलंच आठवतं. पहिली उतारी जावेची, चौकट गुलाम. अच्छनांनी राणी टाकली, दिराने त्यावर नव्वी दिली, मी अठ्ठी. मग जावेने किलवर अठ्ठी टाकली. अच्छनांकडे किलवरची एकटी दश्शीच होती, ती गेली. वर दिराचा किलवर गुलाम, मी सत्ती.

पडवीतला भिडू: म्हणजे पहिल्या हातात ५ आणि दुसऱ्यात दश्शीचा १ धरून ४. दोन हातांत ९ गेले. एकूण २८ गुणांतले २० म्हटल्यावर समोरच्यांना ८ च देता येतात, त्यामुळे तुमचा हुकूम उघडायच्या आधीच बोली पडली होती.

मी बोली नेहमी या बाजूने बघतो, की किती सोडायची मुभा आहे. २० ला ८, १६ ला १२. बाजूचा गुलाम समोरच्यांचा असेल तर तो क्वचितच ३ वर थांबतो, कारण त्यांचा भिडू त्यावर नव्वी नाहीतर एक्का टाकतोच. म्हणून एक गुलाम म्हणजे ४ किंवा ५ धरायचे. आता मोजा. एक गुलाम तुमच्याकडे. अच्छन कुणी भाग पाडलं नसताना १६ म्हणाले, तेव्हा एक त्यांच्याकडे धरू. बाकीच्या दोन्ही गुलामांनी समोर जाण्याची वेळ साधारण तीन डावांत एकदा येते, आणि तेव्हा २० संपले. एकच गेला तरी उरलेल्या सगळ्या हातांत मिळून तीन-चारच गुण सोडायला उरतात. इतक्या अरुंद जागेत जायला इस्पिकची तीन पानं मला कमी वाटतात. चारही पानं इस्पिकची असती, किंवा एक्क्याऐवजी बदाम गुलाम असता, तर मीही २० म्हटलं असतं.

कोलकात्याचे काका: अहो, पण राजा-राणीचं कुणी बोललंच नाही! आम्ही इथे हुकमाचा राजा आणि राणी एकाच हातात आले की जोडी दाखवतो, मग बोली चारने उतरते. एकदा माझी २१ ची बोली अशीच १७ वर आली आणि डाव निघाला. सूनबाईंकडे चौकट राजा आणि किलवर राणी आलीच होती.

त्रिशूरची सून: काका, ते एकोणतीस. आमच्याकडे जोडी नसते. शिवाय हुकूम इस्पिक होता आणि माझा राजा चौकटचा, राणी किलवरची.

कोलकात्याचे काका: बरोबर, रंग बघितलाच नाही मी. पण जोडी असती तर असल्या बोलीला जरा आधार मिळतो, हे खरं.

मोगरा: मला अच्छनांचं पटतं, पण कारण वेगळं. तुमच्याकडे इस्पिकची वरची दोन पानं आहेत, म्हणजे अच्छन दुसऱ्याच रंगावर बोलले होते. त्यांच्या रंगात बोली राहिली असती तरी तुमचा इस्पिक गुलाम आणि नव्वी हात करणारच होते. गेले कुठे असते ते?

पडवीतला भिडू: गुलाम बहुतेक करून गेला नसता. नव्वीचं तसं सांगता येत नाही. इस्पिकची तीन पानं सूनबाईंकडे, म्हणजे बाकी तिघांत मिळून पाच. दोनदा इस्पिक फिरायला त्या तिघांकडे सहा लागतील. दुसऱ्या फेरीला कुणीतरी एक नक्की संपलेला असतो. तो भिडू असला तर ठीक, दीर असेल तर तो हुकूम उघडायला सांगून नव्वी मारतो. इस्पिक हुकूम असता तर मात्र नव्वीला कुणीच हात लावू शकत नव्हतं. धीट गडींच्या म्हणण्यात दम आहे तो इथे. पण नव्वीच्या त्या एका हातासाठी बोली चारने वाढवायची का, हा खरा प्रश्न. आणि इस्पिक हुकूम केला की अच्छनांच्या रंगाची हीच गत होते.

धीट गडी: तरी हिशेब पुरा करा. आमच्याकडे २० च्या खाली जिंकलं तर १, हरलं तर २ जातात. २० पासून वर जिंकलं तर २, हरलं तर ३. म्हणजे १६ म्हणणाऱ्याला बरोबरीत राहायला तीनात दोन डाव काढावे लागतात, २० वाल्याला पाचात तीन पुरतात. चढी बोली उलट स्वस्त पडते.

पडवीतला भिडू: तुमच्या गुणांच्या हिशेबाने ते बरोबर आहे. पण ही पानं घेऊन १६ दहात आठ वेळा निघतील आणि २० पाच वेळा, असा माझा अंदाज. मग दहा डावांत १६ वर ४ गुण मिळतात, २० वर ५ जातात.

धीट गडी: पाच वेळा हा तुमचा अंदाज. मी सात म्हणेन. माझी गेल्या महिन्याची वही बघितली तर गुलाम-नव्वी-तिसरं पान यावर २० बऱ्याचदा निघालेत.

मोगरा: त्यांतले किती डाव भिडूच्या बोलीवर चढून घेतले होते?

धीट गडी: ते लिहिलेलं नाही.

त्रिशूरची सून: आज चहाच्या वेळी अच्छनांना विचारलं. त्यांच्या पहिल्या चारांत बदाम गुलाम, नव्वी, राजा आणि चौकट राणी होती. माझा बदाम एक्का त्यांच्याच हुकमात बसला असता! जावेचे आणि दिराचे ते दोन हात तसेच गेले असते, पण १६ ला आणखी तीन गुण सोडायची जागा होती. इस्पिकची चार पानं आली तर २० म्हणू का, हेही विचारलं. म्हणाले, गुलाम, नव्वी, एक्का असेल तर म्हण, चौथं पान सत्ती असली तरी चालेल. एक्का नसेल तर मी १६ म्हटलेलं राहू दे. पडवीतले भिडू त्यालाही हो म्हणतात, अच्छन नाही म्हणतात. रात्री परत बसणार आहोत.