मदत हवी आहे: व्हिडिओवर एआयचं लेबल नाही म्हणजे तो खरा, असं बाबा म्हणतात. काय सांगू?

तेजश्री_मिरज

नमस्कार मंडळी. बाबा ७१ वर्षांचे, मधुमेह वीसेक वर्षांपासून. गेल्या रविवारी भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांना पावणेदोन मिनिटांचा एक व्हिडिओ आला. बाबा ज्यांना टीव्हीवर नेहमी बघतात असे एक नावाजलेले डॉक्टर मुलाखतीत बसलेत आणि सांगताहेत, की अमुक चूर्ण पंधरा दिवस घ्या, साखरेच्या गोळ्या बंद होतील. सोबत ऑर्डरची लिंक. बाबांनी दोन डब्या मागवल्या. २,४९८ रुपये, पार्सल आल्यावर द्यायचे.

चेहरा, हातवारे, खोली, सगळं खरं वाटतं. आवाजही त्यांचाच, पण बोलणं एका सुरात, कुठे दम घेतल्यासारखं नाही. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "बनावट व्हिडिओखाली तसं लिहून येतं, मी पेपरात वाचलंय. याच्याखाली काही नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हे लेबल लावतं कोण? आणि ते नसेल तर ओळखायचं कसं? पार्सल शुक्रवारी येणार आहे. गोळ्या अजून चालू आहेत, पण डबी हातात आली की ते बंद करतील याची मला भीती वाटते.

कोकणचा_वारा

ताई, आता कायदाच झालाय. एआयच्या प्रत्येक व्हिडिओवर स्क्रीनचा दहा टक्के भाग व्यापेल एवढं लेबल सक्तीचं आहे, आणि यूट्यूब ते आपोआप लावतं. ओळखायचं असेल तर डोळे बघा. बनावट माणूस पापण्या लववत नाही. बोटंही मोजा.

बिनतारी

मी पुण्यात व्हिडिओ एडिटिंग करतो, बारा वर्षं झाली. कोकणचा_वारा, दहा टक्क्यांची अट ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात होती. १० फेब्रुवारी २०२६ ला नियम निघाले आणि २० तारखेपासून लागू झाले, त्यात लेबल ठळक हवं एवढंच आहे. दहा टक्के गेले. पण तेजश्रीताईंचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे.

यूट्यूबवर व्हिडिओ चढवताना विचारतात, की यात खऱ्यासारखं दिसणारं काही बदललेलं किंवा बनवलेलं आहे का. मार्च २०२४ पासून हा प्रश्न आहे. चढवणाऱ्याने 'हो' म्हटलं की "Altered or synthetic content" असं लेबल येतं. बहुतेक व्हिडिओंना ते खालच्या वर्णनात येतं, जे उघडून बघावं लागतं. आरोग्य, बातम्या, निवडणूक, पैसा असे विषय असतील तर व्हिडिओवरच येतं. यूट्यूबच्या स्वतःच्या एआय साधनांनी केलेल्याला ते आपोआप लागतं, आणि काही वेळा यूट्यूब स्वतःहूनही लावतं. पण मुख्य भार चढवणाऱ्याच्या कबुलीवर आहे. खोट्या डॉक्टरला चूर्ण विकायला लावणारा माणूस तिथे 'हो' कशाला म्हणेल? तुमच्या बाबांना हे एवढंच सांगून बघा.

दुसरी खूण फाइलच्या आत असते. अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी वगैरेंनी २०२१ मध्ये मिळून एक पद्धत काढली, तिला कंटेंट क्रेडेन्शियल्स म्हणतात. फाइल कशाने बनली, नंतर काय बदललं, याची सही केलेली नोंद फाइलसोबत जाते. मूळ फाइल हातात असेल तर कॉम्प्युटरवर exiftool नावाच्या प्रोग्रॅमला ही आज्ञा देऊन ती नोंद वाचता येते:

```
exiftool -a -G1 video.mp4
```

त्यात कुठे `trainedAlgorithmicMedia` दिसलं तर बनवणाऱ्या साधनाने स्वतःच सांगितलंय, की हे एआयचं आहे. अडचण अशी, की ही नोंद साडीला टाचणीने लावलेल्या चिठ्ठीसारखी आहे. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ बारीक करतं तेव्हा नवी फाइल तयार होते आणि चिठ्ठी मागेच राहते. कोणी स्क्रीन रेकॉर्ड केलं तरी तेच. भजनी मंडळापर्यंत पोचेस्तोवर व्हिडिओ किती हात फिरला असेल! म्हणून त्यावर काही नसणं याला काहीच अर्थ नाही.

मधुरा_न्यूजर्सी

माझं बरोबर उलटं झालं. मे २०२४ मध्ये आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. मागे विजेची वायर लोंबत होती, ती फोटोशॉपमध्ये काढली, बस. फोटोवर "Made with AI" आलं. नातेवाईक विचारायला लागले, आजी खरी आहे ना! फार वाईट वाटलं. मग लेबल असलेलं तरी खोटं म्हणायचं का?

बिनतारी

मधुराताई, तुम्ही एकट्या नव्हता. तेव्हा जगभरच्या फोटोग्राफरांनी तक्रारी केल्या. फोटोशॉपच्या जनरेटिव्ह साधनाने वायर पुसली की फाइलमध्ये तशी नोंद होते, आणि मेटाची यंत्रणा ती नोंद वाचून लेबल लावत होती. वायर काढली की अख्खी आजी बनवली, हा फरक ती करत नव्हती. जुलैत त्यांनी शब्द बदलून "AI info" केलं. सप्टेंबरपासून नुसत्या एडिट केलेल्या फोटोंचं लेबल मेनूत हलवलं. हे लेबल फाइल कशी बनली ते सांगतं. आत बोललेलं खरं की खोटं, ते त्याचं काम नाही.

तेजश्रीताई, आता तुमचा व्हिडिओ. वर्णनावरून हा पूर्ण एआयने काढलेला नसावा. डॉक्टरांची जुनी खरी मुलाखत घेऊन, आवाजाची नक्कल करून फक्त तोंडाचा भाग नव्याने बसवला असणार. खोली, हातवारे, डोळे खरेच असतात. म्हणून पापण्या बघून उपयोग नाही, त्या खऱ्या माणसाच्याच आहेत. बोटंही. २०१८ च्या आसपासच्या बनावट चेहऱ्यांना पापण्यांचा नियम लागू पडायचा, आता नाही.

तुम्ही दोन गोष्टी करा. व्हिडिओ पाव वेगाने लावा आणि प, ब, भ, म या अक्षरांवर थांबा. हे उच्चारताना ओठ मिटावेच लागतात. आणि चेहरा स्पष्ट दिसेल असे तीन-चार स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सवर शोधा, मूळ मुलाखत मिळते का बघा. नाही मिळालं तर स्क्रीनशॉट आडवा उलटा करून पुन्हा शोधा. शोध चुकावा म्हणून हे लोक चित्र आरशासारखं फिरवतात.

गणपत_मास्तर

बिनतारी सर, मी इतिहासाचे व्हिडिओ करतो. आवाज माझाच, मागे किल्ल्यांची एआयने काढलेली चित्रं. मला 'हो' म्हणावं लागेल का? लेबल लागलं तर विद्यार्थी बघायचे बंद होतील.

बिनतारी

मास्तर, चित्र उघडपणे रंगवलेलं वाटत असेल तर गरज नाही. पण रायगडाचा खराखुरा फोटो वाटावा असं असेल तर 'हो' म्हणा. विद्यार्थी त्याला पुरावा समजतील, म्हणून. लेबलने प्रेक्षक कमी होत नाहीत, असं यूट्यूब सांगतं. माझ्याकडे स्वतःचा अनुभव नाही.

तेजश्री_मिरज

मिळालं! काल रात्री दोन तास बसले. पहिल्या तीन स्क्रीनशॉटना काही आलं नाही. मग बघता बघता डॉक्टरांच्या शर्टाचा खिसा उजव्या बाजूला दिसला. बाबांच्या कुठल्याच शर्टाला उजवीकडे खिसा नाही. चित्र उलटं केलं, शोधलं, आणि दोन वर्षांपूर्वीची मुलाखत यूट्यूबवर सापडली. खिसा डावीकडे, त्यात निळं पेन. कोपऱ्यातला कार्यक्रमाचा लोगोही तिथे आहे. बनावट व्हिडिओत चित्र जवळ ओढून तो कापून टाकलाय.

मूळ मुलाखत रक्तदाबावर आहे. एका ठिकाणी डॉक्टर चष्मा काढून टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, लोणचं-पापड कमी करा. बनावट व्हिडिओत तोच चष्मा, तोच हात, आणि तोंडून "पंधरा दिवसांत गोळ्या बंद". पाव वेगाने बघितलं तर "पंधरा"च्या प ला आणि "बंद"च्या ब ला ओठांमध्ये फट राहते. दात एकेकटे दिसत नाहीत, पांढरी पट्टी दिसते. मूळ व्हिडिओत "पापड" म्हणताना दोन्ही प ला ओठ घट्ट मिटतात.

कोकणचा_वारा

मग ओठांचा नियम पक्का म्हणायचा.

बिनतारी

पक्का नाही हो. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ दाबला जातो तेव्हा खऱ्याचेही ओठ-आवाज मागेपुढे होतात. शिवाय यूट्यूबवर आता परभाषेतले व्हिडिओ आपोआप डब होतात. तिथे ओठ जुळणार नाहीत, पण माणूस आणि मजकूर खरा असतो, वर्णनात तसं लिहिलेलंही असतं. आणि नवी साधनं प-ब सुद्धा नीट मिटवतात. ओठांवरून फक्त शंका येते. ताईंच्या हातात खरा पुरावा आला तो मूळ मुलाखत सापडली तेव्हा. एकाच क्षणी एकच माणूस दोन वाक्यं बोलू शकत नाही.

हाच प्रकार मोठ्या लोकांच्या बाबतीत झालाय. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराला आपल्या प्रमुखांच्या, आशिषकुमार चौहान यांच्या, शेअर सुचवणाऱ्या बनावट व्हिडिओंबद्दल लोकांना सावध करावं लागलं. त्याच वर्षी जानेवारीत सचिन तेंडुलकरांनी स्वतः सांगितलं होतं, की एका गेमिंग अ‍ॅपच्या जाहिरातीतला तो मी नव्हे.

मधुरा_न्यूजर्सी

तेजश्री, काकांना तू खोटं पाडतेस असं वाटू देऊ नकोस. दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लाव आणि त्यांनाच बघू दे.

तेजश्री_मिरज

तसंच केलं, मधुराताई. एका फोनवर मूळ, एकावर तो, आणि दोन्ही चष्म्याच्या जागी थांबवले. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेन तर तेच आहे." पार्सल परत पाठवायला तयार झालेत, गोळ्या चालू आहेत. पैसे दिलेले नसले तरी cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवणार आहे. मूळ मुलाखतीची लिंक भजनी मंडळाच्या ग्रुपवर बाबांनी स्वतः टाकली.

पण आज आत्याने नुसता आवाजाचा एक मेसेज पाठवलाय. त्याच डॉक्टरांचा, त्याच चूर्णाबद्दल, चाळीस सेकंदांचा. यात चित्रच नाही, मग मूळ शोधायचं कसं?

बिनतारी

नुसत्या आवाजाला माझ्याकडे असा घरगुती उपाय नाही. मी असतो तर त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून विचारलं असतं. नंबर मेसेजमधला घेऊ नका, त्यांच्या वेबसाइटवरून घ्या. आवाजावर काम करणारं इथे कोणी असेल तर कृपया लिहा.