मतदानाआधीच्या रविवारी उपदेश: व्यासपीठावरून कुठवर बोलावं?

लष्करभागकर: 15 जानेवारी 2026 ला पुणे महापालिकेचं मतदान आहे. 11 तारखेच्या रविवारी आमच्या मराठी मंडळीत उपदेश माझ्याकडे आलाय. मंडळीत सगळ्या पक्षांचे लोक आहेत, दोन घरांचं तर आपसात बोलणं बंद आहे. कुठल्याही पक्षाची बाजू न घेता नागरिकाचं कर्तव्य आणि मतभेद यांवर बोलायचंय. बायबलातल्या रोमकरांस पत्राचा 13 वा अध्याय घेऊ का? आणि दफनभूमीच्या जागेचा विषय काढला तर चालेल?

जुना सेक्रेटरी: काढूच नका. चर्चमध्ये निवडणुकीचा शब्द उच्चारणं म्हणजे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने गुन्हा. प्रार्थना करा, आशीर्वाद द्या, मोकळे व्हा.

रविवारची शिक्षिका: सेक्रेटरीकाका, सावध राहायला हवं हे खरं, पण कायदा तुम्ही दुसराच धरलात. 1951 चा कायदा लोकसभा-विधानसभेसाठी. इथे बघायचा तो 1988 चा, धार्मिक संस्थांच्या दुरुपयोगाविरुद्धचा. त्यात स्थानिक संस्थांची निवडणूकही येते आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. जबाबदारी व्यवस्था पाहणाऱ्यांवरही येते, म्हणून कमिटीला आधी विचारा. "मतदानाला जा, विवेकाने मत द्या" एवढं म्हणणं म्हणजे प्रचार नव्हे.

आता वचनाचं. रोमकरांस 13 घेतलंत की लोक ऐकतील ते "सत्तेत असलेल्यांचं ऐका". दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी सरकारच्या बचावासाठी हाच अध्याय पुढे केला जायचा आणि तिथल्याच ख्रिस्ती धर्मपंडितांच्या 1985 च्या कैरोस दस्तऐवजाने त्यावरच बोट ठेवलं. शिवाय मतदार तो अधिकारी नेमणारा. पौलाच्या वाचकांच्या हाती सम्राट निवडणं नव्हतं. त्यापेक्षा यिर्मया 29 घ्या. बाबेलात बंदी होऊन गेलेल्यांना संदेष्टा लिहितो की घरं बांधा, बागा लावा, त्या शहराचं भलं पाहा. महापालिकेचे विषय तेच तर आहेत: पाणी, ड्रेनेज, कचरा.

मतभेदासाठी रोमकरांस 14. मांस खाणारे आणि फक्त भाजी खाणारे एकाच मंडळीत. पौल दोघांना वेगवेगळं सांगतो. खाणाऱ्याने दुसऱ्याला तुच्छ लेखू नये, न खाणाऱ्याने दुसऱ्याचा न्याय करू नये. आपल्याकडेही असंच होतं: एक गट दुसऱ्याला भोळा समजतो, दुसरा पहिल्याला विकला गेलेला. मजा म्हणजे पौल स्वतःचं मत लपवत नाही, फक्त ते लादत नाही.

पिंपळेकर: माझं नाव यादीत भलत्याच प्रभागात गेलंय. पाळकांच्या पत्रावर दुरुस्ती होते का?

रविवारची शिक्षिका: नाही हो दादा, प्रभाग कार्यालयात विचारा.

दापोडीचा: ताई, रोमकरांस 14 सगळीकडे लावू नका. भाजी खावी की मांस हा प्रश्न वेगळा आणि माणसाला माणूस मानायचं की नाही हा वेगळा. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवायचं टाळू लागला तेव्हा पौलाने "दोघांचंही बरोबर" म्हटलं नाही, सगळ्यांसमोर त्याला धरलं. आमच्या आजोबांना चर्चमध्येही मागच्या बाकावर बसवलेलं. जात पाहून उमेदवार निवडणाऱ्याशी मी "आदरपूर्वक मतभेद" ठेवायचा?

रविवारची शिक्षिका: नाही. पेत्राची ही गोष्ट गलतीकरांस 2 मध्ये आहे, ते त्याच रविवारी वाचावं, हे मान्य. पण पेत्राला धरल्यावरही पौल त्याला बंधुत्वातून काढत नाही. ती रेघ नेमकी कुठे मारायची, हे मला दर वेळी जमतं असं नाही.

दापोडीचा: जमत नाही तोवर सोसतो कोण, तेवढं बघा.

लष्करभागकर: आणि दफनभूमी? मी लिहिलेलं वाक्य असं: "ज्यांनी आपल्या जागेसाठी धावपळ केली, त्यांना विसरू नका."

रविवारची शिक्षिका: ते काढा. नाव नसलं तरी धावपळ कुणी केली हे अख्ख्या प्रभागाला माहीत असणार. पाहायचं एवढंच, की दुसऱ्या पक्षाचा बूथ एजंट बाकावर बसलाय असं समजून वाक्य मोठ्याने वाचा. तो उठून जाईल असं वाटलं तर तो प्रचार आहे. 1988 च्या कायद्यात राजकीय प्रश्नांचा प्रसारही येतो, त्यामुळे हा मुद्दा उपदेशात न घेता लोकांनी आवाराबाहेर, आपापल्या नावाने, सगळ्या उमेदवारांना विचारावा.

एक गोष्ट मात्र जरूर सांगा. बहुतेक प्रभागांत चार जागा आहेत, म्हणून प्रत्येकाला चार मतं, प्रत्येक जागेसाठी एक. ती एकाच पक्षाला द्यायची सक्ती नाही, एखाद्या जागेवर कुणीच नको असेल तर तिथे नोटा आहे. "अमक्याचं घर अमक्या पक्षाचं" म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. एका माणसाचीच चार मतं चार दिशांना जाऊ शकतात, आणि तुम्ही घराघरांत अबोला धरून बसलात.

जुना सेक्रेटरी: 1988 चा कायदा मी वाचलेला नव्हता, वाचतो. तरी माझं मत तेच. आज चार मतांचं गणित, उद्या चिन्ह. आणि बोलणं बंद असलेली दोन घरं उपदेशाने जवळ येत नाहीत, त्यांच्या घरी जावं लागतं.

लष्करभागकर: जातो, काका. पण आता नवीन लचांड. कमिटीतल्या एकाने उपासनेनंतर चहाला एका उमेदवाराला बोलावलंय. म्हणे, भाषण नाही, नुसती ओळख.

रविवारची शिक्षिका: उपासनेला तो कुणासारखाही बसू शकतो. चहा अंगणात असला तरी आवार चर्चचंच. आमंत्रण मागे घ्या, आणि ते ज्यांनी दिलं त्यांनीच घ्यावं.