विधान-कारण प्रश्न: एकाच धड्यातून ‘ब’ पर्याय जमतो का?

प्रश्नकर्ती: एकसमान वर्तुळाकार गतीच्या टिपणांवरून प्रश्न काढतेय. विधान: वस्तूची चाल स्थिर राहते. कारण: वस्तूचे त्वरण केंद्राकडे असते. मी उत्तर ‘ब’ धरलं (दोन्ही बरोबर, पण कारण विधानाचं स्पष्टीकरण देत नाही). मुलं ‘अ’वर अडून बसलीत. एकाच धड्यातून असे प्रश्न काढावेत का?

त्रिज्या: मुलं बरोबर आहेत. वर्तुळावर केंद्राकडची दिशा वेगाला कायम लंब असते. त्वरणाचा वेगाच्या दिशेत घटकच उरत नाही, म्हणून चाल बदलत नाही. तुम्हाला ‘ब’च हवा असेल तर कारण असं लिहा: ‘वेगाची दिशा प्रत्येक क्षणी स्पर्शिकेच्या दिशेत असते.’ चाल वाढत असली तरी वर्तुळावर हे खरंच असतं, त्यामुळे चाल स्थिर का, हे त्यातून कळत नाही. हीच चाचणी प्रत्येक ‘ब’ला लावा: विधान खोटं पडेल अशी परिस्थिती घ्या. कारण तिथेही खरं राहिलं, तर ते स्पष्टीकरण नाही.

धूमकेतू: मग त्याच चाचणीने ‘अ’ही पडतो! ग्रहाचं त्वरण सूर्याकडेच असतं, तरी त्याची चाल बदलते. ‘ब’च बरोबर. शिवाय एका धड्यात सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, कारण दुसऱ्या धड्यातूनच घ्यावं.

त्रिज्या: ग्रहाची कक्षा लंबवर्तुळ आहे. तिथे सूर्याकडची दिशा वेगाला बहुतेक ठिकाणी लंब नसते, आणि हा प्रश्न वर्तुळापुरताच आहे. पण एक मान्य: लंब असण्याची पायरी मुलांना मनात भरावी लागते. कारणातच ‘त्वरण वेगाला लंब असते’ लिहिलं की वाद उरत नाही. दुसऱ्या धड्यातलं कारण मात्र नको. विषय वेगळा दिसला की मूल न वाचताच ‘ब’ला खूण करतं.

पेशीभित्तिका: जीवशास्त्रात ही चाचणी मला अडते. विधान: तांबड्या पेशी ऑक्सिजन वाहून नेतात. कारण: माणसाच्या परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसतं. हिमोग्लोबिनला जागा मिळते म्हणून आम्ही ‘अ’ धरतो.

त्रिज्या: पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, तरी त्या ऑक्सिजन नेतात. म्हणजे ‘ब’.

पेशीभित्तिका: टिपणं माणसाच्या रक्ताभिसरणाची आहेत, पक्षी त्यात नाहीत. जे शिकवलंच नाही त्यावर मुलाने उत्तर का ठरवावं?

धूमकेतू: तेच म्हणतोय. माझा ग्रह चालत नाही, मग यांचा पक्षी कसा चालतो?

त्रिज्या: पक्षी मुलासाठी नाही, प्रश्न काढणाऱ्यासाठी आहे. टिपणांत ‘हिमोग्लोबिन ऑक्सिजनला बांधून ठेवतं’ हे असेलच, तेवढ्यावरून मूल ‘ब’पर्यंत पोचतं. ‘अ’ हवा असेल तर विधान बदला: ‘तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनला जास्त जागा मिळते.’

प्रश्नकर्ती: स्पर्शिकेचं कारण घेते. ‘क’साठी (विधान बरोबर, कारण चूक) ‘त्वरण शून्य असते’ चालेल?

त्रिज्या: उत्तम. चाल स्थिर म्हणजे त्वरण नाही, हीच मुलांची नेहमीची चूक आहे. फक्त ‘नेहमी’, ‘कधीच’ घालून खोटं वाक्य बनवू नका, मुलं त्या शब्दांवरूनच ओळखतात.

पेशीभित्तिका: पक्ष्याचं मला अजून पटलेलं नाही.