मदत हवी आहे: चेंडूच्या गणितात ऋण उत्तर का सोडायचं?

दहावीसाठी वर्गसमीकरणाचं उदाहरण आहे. १५ मी. उंच गच्चीच्या काठावरून चेंडू १० मी/से वेगाने सरळ वर फेकला, तर जमिनीवर कधी पडेल? g = १० घेतला आहे, हवेचा रोध धरलेला नाही.

h = 15 + 10t − 5t²

जमिनीवर h = 0; −5 ने भागून:

t² − 2t − 3 = 0
(t − 3)(t + 1) = 0

t = 3 किंवा −1, म्हणून उत्तर ३ सेकंद. भागताना चिन्हं चुकतात, पण ताळा घेतला की ते कळतं.

"वेळ ऋण नसते" एवढं सांगितलं, तर मुलं उंची १५ मी. कधी असते, यातलं t = 0 सुद्धा चूक समजतात. खरं तर तिथे 0 आणि 2 दोन्ही बरोबर आहेत. सूत्र फेकल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतच, म्हणजे 0 ≤ t ≤ 3 साठीच लागू, हे उत्तरपत्रिकेत एका वाक्यात कसं लिहायला सांगावं?