मदत हवी आहे : स्तोत्र ८८ वरचा संदेश कुठे थांबवावा?

यवतमाळकडच्या एका खेड्यातल्या छोट्या मंडळीत मी संदेश देतो. येत्या रविवारचा विषय आहे विलाप आणि उत्तर न मिळालेली प्रार्थना. समोर एक जोडपं असेल, लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. सिकलसेलची एक पोरगी असेल, जिच्यासाठी मंडळी ती लहान असल्यापासून उपास करते आहे.

हन्नाचा उतारा घ्यायचा नाही, कारण तिला शमुवेल मिळाला. तो ऐकला की या बाईकडे माना वळतात, आणि आराधनेनंतर कोणीतरी म्हणतंच, "ताई, विश्वास कमी पडला असेल."

आधी स्तोत्र १३ वर टिपणं काढली. त्यात चार वेळा "किती वेळ" विचारलं आहे, पण पाचव्या वचनापासून सूर आनंदाकडे वळतो. लोक तेवढंच घरी नेतील. म्हणून ८८ घेतलं. त्यात माणूस तरुणपणापासून पीडित आहे, रोज हाक मारतो, देव उत्तर देत नाही आणि शेवट अंधारातच होतो. तरी त्याला कोणी अविश्वासू म्हणत नाही. मला हेच सांगायचं आहे.

अडचण पुढची आहे. संदेशानंतर लगेच साक्षी असतात आणि हमखास कोणीतरी बरं झाल्याची साक्ष देतं. साक्षी बंद करता येणार नाहीत, वडीलमंडळी ऐकणार नाहीत. बऱ्याच जणांना वाचता येत नाही, त्यामुळे छापील प्रार्थना चालणार नाही. त्या दोघींची नावं घेऊन प्रार्थनाही नको.

८८ अंधारातच सोडून, स्तोत्र १३ न जोडता, संदेश आणि साक्षी यांच्यामध्ये तुम्ही काय ठेवाल?